हुद्दा आणि उतारा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात काम करणाऱ्या मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टने युगांडातल्या एका कारखान्याकडे अर्ज केला, त्याचा दोन पानी इंग्रजी बायोडाटा माझ्यासमोर आहे. शेजारी त्याचा मूळ मराठी खर्डा आणि कारखान्याच्या लेटरहेडवरचे अनुभवाचे दाखले आहेत. इंग्रजी रूप दिले आहे एका निवृत्त चीफ केमिस्टने, ज्यांनी स्वतः काही वर्षे पूर्व आफ्रिकेत साखर काढली. दोघांच्याही परवानगीने, नावगाव झाकून, मी ही पाने वाचकांसमोर उलगडतो आहे. लोणीला प्रवरा कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ साली झाले आणि महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात झाली. तेव्हापासून घडत गेलेली हुद्द्यांची आणि आकड्यांची एक भाषा इथे घराघरात कळते. ती परक्या माणसाला कळेल अशी करायची, पण त्यात गुंजभर भर घालायची नाही आणि गुंजभर कमीही करायचे नाही, हे या दोन पानांत साधले आहे.

आधी हुद्द्याची ओळ पाहू. ‘मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट’ हा शब्द इंग्रजीच असल्यामुळे त्याचे भाषांतर करायचे ते काय, असे कोणालाही वाटेल. सर्वात मोठा खड्डा तिथेच आहे. आपल्याकडे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणजे आठ तासांच्या पाळीत साखर काढणारा जबाबदार माणूस. मिलमधून आलेल्या रसाचे वजन झाले की तिथून पुढे रस तापवणे, चुना आणि गंधकाचा धूर देणे, निवळणे, आटवणे, पॅनवर साखर शिजवणे आणि पोते भरणे, हे सगळे त्याच्या अखत्यारीत येते. परदेशात मात्र या शब्दाने औषधे बनवणारी कंपनी किंवा प्रयोगशाळेत परीक्षानळी धरून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणजे शब्द जसाच्या तसा ठेवला तर पाळी चालवणारा माणूस नमुने तपासणारा ठरतो.

दुसऱ्या टोकाचा मोह तितकाच जवळ असतो. तिकडच्या जाहिरातीत ‘शिफ्ट मॅनेजर’ हे पद दिसते, मग तेच आपल्या नावापुढे का लिहू नये? कारण तिकडे बऱ्याच ठिकाणी शिफ्ट मॅनेजरच्या हाती अख्खा कारखाना असतो: मिल, बॉयलर आणि टर्बाइनसकट. आपल्याकडे हे तिन्ही विभाग पाळीच्या इंजिनिअरकडे असतात. मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट बॉयलरकडे वाफ मागतो, पण बॉयलरच्या माणसाला हुकूम देत नाही. शिफ्ट मॅनेजर लिहिले असते तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला, मिलचे रोलर बंद पडण्याची कारणे विचारताच, हुद्दा उघडा पडला असता.

रूपांतरकाराने ओळ लिहिली ती अशी: आधी नेमणूकपत्रातला हुद्दा, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, अक्षर न बदलता, त्यापुढे स्वल्पविराम देऊन कामाचे वर्णन, ‘एका पाळीच्या साखर उत्पादनाचा प्रमुख, रसाच्या वजनापासून पोते भरण्यापर्यंत’. पहिला अर्धा भाग कारखान्याच्या टाइम ऑफिसला फोन गेला तर तिथल्या रजिस्टरशी जुळतो. दुसरा अर्धा भाग वाचणाऱ्याला कामाची उंची सांगतो आणि दोन्ही टोकांच्या हद्दी आखून देतो. मिल आणि बॉयलर यांचा उल्लेखही न करता ते आपले नाहीत हे त्या हद्दींतून आपोआप कळते. एका ओळीत इतकी सचोटी आणि इतका स्वाभिमान एकत्र बसवणे हे कसबी हाताचे काम आहे.

त्याच्या खालची ओळ पहिल्या वाचनात मी ओलांडूनच गेलो होतो. तिथे तो कोणाच्या हाताखाली काम करतो ते आहे. मराठी खर्ड्यात सरळ होते, ‘चीफ केमिस्ट साहेबांच्या मार्गदर्शनाखाली’. आपल्याकडे चीफ केमिस्ट हा संपूर्ण उत्पादन विभागाचा सर्वोच्च अधिकारी असतो आणि थेट कार्यकारी संचालकांना उत्तर देतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच कारखान्यांत मात्र ते स्थान प्रोसेस मॅनेजरचे असते आणि चीफ केमिस्ट म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख. म्हणजे उमेदवाराचा स्वतःचा हुद्दा कितीही नेटका मांडला, तरी वरच्या माणसाचे पद तसेच राहिले असते तर तो प्रयोगशाळेचाच कर्मचारी ठरला असता. रूपांतरात साहेबांच्या पदापुढे काही शब्द आले आहेत, ‘जे उत्पादन विभागाचे प्रमुख आहेत’. आपली पायरी दाखवण्यासाठी वरची पायरी कुठे आहे ते सांगावे लागते, हे ज्याने दोन्हीकडचे जिने चढले त्यालाच सुचते.

शिक्षणाच्या रकान्यात असाच एक बारीक हात फिरला आहे. उमेदवार बी.एस्सी. झाल्यावर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून साखर तंत्रज्ञान शिकला. त्या अभ्यासक्रमाची ओळख आपल्याकडे ‘एव्हीएसआय’ या चार अक्षरांत होते आणि त्यातला ‘ए’ म्हणजे असोसिएट. आपल्या कारखान्यांत ही अक्षरे नावापुढे लागली की मान वाढतो. अमेरिकी वळणाच्या वाचकाला मात्र असोसिएट म्हणजे पदवीच्याही अलीकडची दोन वर्षांची पायरी वाटते. खर्ड्यात यावर उपाय म्हणून कोणीतरी पेन्सिलीने ‘एम.एस्सी. समकक्ष’ असे सुचवले होते. रूपांतरकाराने ते खोडले आहे, कारण समकक्षता ठरवणे हे विद्यापीठांचे आणि मूल्यमापन संस्थांचे काम आहे, उमेदवाराचे नाही. त्यांनी अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव लिहिले, संस्थेचे नाव लिहिले आणि पुढे ‘प्रवेशासाठी विज्ञानाची पदवी आवश्यक’ एवढे जोडले. पायरी पदवीच्या वरची आहे हे प्रवेशाची अटच सांगते, आणि त्या अटीवर कोणाला बोट ठेवता येत नाही.

आता काळाचा हिशेब. खर्ड्यात ‘१२ वर्षांचा अनुभव’ असे ठळक अक्षरात होते आणि ते खरेही होते. पण आपले गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऊस असेल त्याप्रमाणे मार्च-एप्रिलपर्यंत चालते. विषुववृत्ताजवळच्या युगांडात ऊस वर्षभर वाढतो आणि वर्षभर तुटतो. तिथले कारखाने दुरुस्तीपुरते थांबून बहुतेक वर्षभर चालतात. तिथल्या वाचकाच्या मनात १२ वर्षे म्हणजे १२ वर्षांचे गाळप. आकडा खरा असूनही अर्थ फुगतो. उलट खर्ड्यातल्या ‘हंगामी’ या शब्दाचे थेट इंग्रजी केले असते तर अर्थ नको तितका आकसला असता, कारण तिकडे त्या शब्दाने सुगीपुरता बोलावलेला मजूर समजला जातो. आपल्याकडे तर ‘हंगामी कायम’ अशीही एक प्रतवारी आहे. त्यातला माणूस दर गाळपाला हक्काने कामावर येतो आणि बंद काळात त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो.

इथे रूपांतर दोन तुकड्यांत केले आहे. पहिले २ हंगाम लॅब केमिस्ट म्हणून, ‘नेमणूक गाळप हंगामापुरती’. पुढचे १० हंगाम मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून, ‘नेमणूक कायम, वर्षभराची’. त्यापुढे बंद काळात काय केले तेही आहे: पॅन आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्या साफ करून घेणे, पाण्याच्या दाबाने चाचणी घेणे, पुढच्या हंगामाची रसायनांची मागणी काढणे. ‘१२ वर्षे’ हा शब्दप्रयोग कुठेच नाही, ‘१२ गाळप हंगाम’ आहे. पहिल्या दोन हंगामांचा तात्पुरतेपणा लपवलेला नाही, म्हणून पुढच्या दहांचा कायमपणा पटतो. आणि बंद काळाची कामे वाचताना तिकडच्या व्यवस्थापकाला जाणवेल की या माणसाने यंत्रे आतून पाहिली आहेत, जी वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात निवांतपणे उघडायला मिळत नाहीत. कमीपणा वाटणारी गोष्ट खरेपणाने सांगितल्यामुळेच तिचे मोल दिसू लागले.

कारखान्याच्या आकाराची ओळ लहान आहे, पण तिच्यातला आकडा निगुतीने काढलेला आहे. स्थापित क्षमता रोजची ५,००० टन. आफ्रिकेतल्या बऱ्याच कारखान्यांत क्षमता ताशी टनांत बोलतात. २४ ने भागले तर ताशी २०८ टन येतात, आणि घाईतला माणूस तेच लिहील. पण आपल्याकडे यंत्रसामग्रीची क्षमता ठरवताना दिवस २२ तासांचा धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ताशी सुमारे २२७ टन होतात. रूपांतरात दोन्ही दिले आहे: रोजचे ५,००० टन, २२ तासांचा दिवस धरून ताशी सुमारे २२७. हिशेबाचा आधार सांगितल्यामुळे २२७ हा आकडा फुगवलेला वाटत नाही, आणि २०८ लिहून स्वतःचे यंत्र लहानही करून घेतलेले नाही.

आता आपण या बायोडाटाच्या गाभ्याशी येतो: साखर उतारा. नगरकडच्या शेतकऱ्याला उतारा समजावून सांगावा लागत नाही. उसाची एफआरपी त्यावरच बेतलेली असते. १०० किलो उसातून साडेअकरा किलो साखर निघाली तर उतारा साडेअकरा टक्के. कारखान्याच्या इंग्रजी कागदांतही याला ‘रिकव्हरी’ म्हणतात. खर्ड्यात अभिमानाने लिहिले होते, ‘रिकव्हरी ११.५ टक्के’.

परदेशी कारखान्यात मात्र एकूण रिकव्हरी मोजतात ती उसाच्या वजनावर नव्हे, उसात मुळात असलेल्या साखरेवर. त्या मापाने चांगल्या कारखान्याचा आकडा ८५ च्या आसपास असतो. अशा वाचकाने ‘रिकव्हरी ११.५ टक्के’ वाचली तर उसातली दहापैकी नऊ हिस्से साखर या माणसाने वाया घालवली असा अर्थ होतो. हुद्द्यात एखादी पायरी वरखाली झाली असती. इथे संपूर्ण माणूसच रद्द झाला असता, आणि तोही एका खऱ्या आकड्यामुळे.

रूपांतरात उताऱ्याला ‘उसाच्या वजनावर निघालेली साखर, ११.५ टक्के’ असे नाव मिळाले आहे. त्याच ओळीत उसातली पोल दिली आहे, १३.५ टक्के, आणि दोन्हींवरून येणारी एकूण रिकव्हरी, सुमारे ८५ टक्के. वाचकाने ११.५ ला १३.५ ने भागले की ८५ येतात. हिशेब त्याच्या हातात दिलेला आहे. त्याहून मोलाची मला पुढची अर्धी ओळ वाटते: ‘कारखान्याचा आकडा, तिन्ही पाळ्या मिळून’. उतारा ठरतो तो उसाच्या जातीवर, पक्वतेवर, तोडणीनंतर ऊस किती तास ताटकळला यावर, मिलच्या पिळण्यावर आणि शेवटी साखर शिजवणाऱ्यावर. त्यातला एका पाळीच्या केमिस्टचा वाटा वेगळा काढता येत नाही. तो काढल्याचा आव इथे आणलेला नाही.

आणखी एक सूक्ष्म जागा आहे, जी साखरेतला जाणताच टिपेल. तक्त्यात २०१८ नंतरच्या हंगामांचा उतारा आधीच्यापेक्षा कमी दिसतो. त्या वर्षापासून बी-हेवी मळीपासून इथेनॉल काढण्याला सरकारने स्वतंत्र दर दिला. पूर्वी जी मळी आणखी एकदा शिजवून तिच्यातली साखर काढली जायची, ती आता आधीच डिस्टिलरीकडे वळू लागली. साहजिकच साखरेचा उतारा दीडेक टक्क्याने खाली दिसतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा गडी उतरणीला लागला. रूपांतरात त्या वर्षांसमोर फक्त एक टीप आहे: ‘बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली’. सफाई म्हणून एकही विशेषण नाही, आणि घसरलेले आकडे गाळलेलेही नाहीत.

मग त्याची स्वतःची कामगिरी कोणती? खर्ड्यातले वाक्य मराठी सरकारी वळणाचे होते: ‘त्यांच्या कारकिर्दीत मळीतील साखरेचा अपव्यय कमी करण्यात आला.’ कोणी केला, कसा केला, किती केला, काहीच नाही. रूपांतरकाराने उमेदवाराला बसवून विचारले असावे, कारण इंग्रजीत जे आले आहे ते खर्ड्यात नव्हते. शेवटच्या शिजवणीचा माल, ज्याला कारखान्यात सी-मॅसेक्विट म्हणतात, क्रिस्टलायझरमध्ये जितका सावकाश थंड होतो तितकी उरलेली साखर दाण्यावर चढते आणि मळीत कमी जाते. गर्दीच्या दिवसांत क्रिस्टलायझर लवकर रिकामे करण्याची घाई असते आणि साखर मळीतून निघून जाते. या केमिस्टने पॅन उतरवण्याचे वेळापत्रक बदलून थंड होण्याचा वेळ १६ तासांवरून २४ तासांपर्यंत नेला. आधी आपल्या पाळीत करून पाहिले, मग चीफ केमिस्टनी तिन्ही पाळ्यांना तोच नियम लावला. त्या हंगामात शेवटच्या मळीची शुद्धता ३२ वरून ३० वर आली.

इंग्रजी ओळीत हे चार टप्पे चार स्वतंत्र क्रियापदांनी आले आहेत: सुचवले, आपल्या पाळीत चाचणी घेतली, व्यवस्थापनाने स्वीकारले, शुद्धता खाली आली. पहिल्या दोहोंचा कर्ता उमेदवार आहे, तिसऱ्याचा व्यवस्थापन, आणि चौथ्याला कर्ताच नाही, तो परिणाम आहे. मानाचा वाटा व्याकरणातच वाटून दिला आहे. एखाद्याने इथे हिशेब करून टाकला असता: ८ लाख टन ऊस, साडेचार टक्के मळी, शुद्धता दोनने कमी, म्हणजे ढोबळ ६५० टन साखर वाचली. गणित बरोबर येते. पण त्या साखरेत इतर दोन पाळ्यांतल्या पॅनमनचे हात आहेत आणि त्या वर्षीच्या उसाचाही गुण आहे, म्हणून तो आकडा वगळला आहे. ३२ आणि ३० पाहून तो हिशेब तिकडचा प्रोसेस मॅनेजर मनातल्या मनात करणारच, आणि स्वतः काढलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसेल.

शेवटी दाखले. कारखान्याच्या दाखल्यात ठरलेले वाक्य आहे, ‘त्यांचे काम समाधानकारक असून वर्तणूक चांगली आहे.’ आपल्या कार्यालयीन मराठीत याहून वरचे प्रशस्तिपत्र सहसा नसते. इंग्रजीत ‘समाधानकारक’ हा जेमतेम उत्तीर्ण होण्याचा शेरा वाटतो. इथे रूपांतरकाराने जो संयम दाखवला, त्याला मी दाद देतो. दाखल्याचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केले आहे, समाधानकारकच. कारण दाखला कारखान्याचा आहे. त्याला गोड करण्याचा अधिकार उमेदवाराला नाही आणि भाषांतरकारालाही नाही. मग उणीव भरली कशी? चीफ केमिस्टकडून वेगळे शिफारसपत्र घेऊन, ज्यात क्रिस्टलायझरचा प्रयोग साहेबांच्या शब्दांत आहे. स्तुती करायची असेल तर ती ज्याची आहे त्याच्या सहीने यावी, हा विवेक इथे दिसतो.

पत्त्याच्या ओळीतही तीच काळजी आहे. जुन्या दाखल्यांवर जिल्हा अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर, कारण २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. दूर देशी कागद तपासणाऱ्याला हे दोन वेगळे जिल्हे वाटू शकतात आणि मग एकच कारखाना दोन ठरतो. बायोडाटात ‘अहिल्यानगर, २०२४ पर्यंत अहमदनगर’ असे एकदाच लिहून तो प्रश्न मिटवला आहे.

ज्यांना परदेशी अर्ज पाठवायचा आहे त्यांनी या दोन पानांवरून एक कसोटी उचलावी. प्रत्येक ओळ दोन माणसांसमोर ठेवून पाहावी: तिकडचा प्रोसेस मॅनेजर आणि आपल्या टाइम ऑफिसातला कारकून. पहिल्याला ती वाचून काम किती मोठे होते ते नेमके कळले पाहिजे, आणि दुसऱ्याने ती ऐकून ‘हो, आमच्याकडे असेच होते’ म्हटले पाहिजे. दोघांपैकी एक जरी अडखळला तरी ती ओळ पुन्हा लिहावी.